एक टक्का खर्च आणि वीस वर्षांची एसआयपी

प्रश्न: माझी एका इक्विटी फंडात महिना दहा हजारांची एसआयपी आहे. आठ वर्षं झाली, एकूण वीस वर्षं चालवायची आहे. आता कळलं की माझा प्लॅन रेग्युलर आहे, खर्च 1.7 टक्के, आणि त्याच फंडाच्या डायरेक्ट प्लॅनचा 0.7 टक्के. एजंट म्हणतात, एक टक्क्याने काय होतंय, फंड चांगला आहे ना? खरंच किती फरक पडतो? आणि आता मध्येच बदलावं का?

उत्तर:

रेग्युलर प्लॅन एजंटमार्फत घेतलेला असतो आणि त्याच्या खर्चात एजंटचं कमिशन असतं; डायरेक्ट थेट फंड कंपनीकडून घेतात, त्यात ते नसतं. आधी आकडा सांगतो. डायरेक्ट प्लॅनमध्ये खर्च वजा जाऊन वर्षाला 12 टक्के मिळाले असं धरलं, तर महिना दहा हजारांचे वीस वर्षांनी सुमारे 91.99 लाख होतात. तोच फंड, तेच शेअर, तोच फंड मॅनेजर, पण वर्षाला एक टक्का जास्त कापला गेला तर 80.45 लाख. फरक साडेअकरा लाखांचा, म्हणजे शेवटच्या रकमेचा जवळजवळ आठवा हिस्सा. वीस वर्षांत तुम्ही खिशातून घालणार 24 लाख, त्या मानाने ही रक्कम किती मोठी आहे ते बघा.

आकडे स्वतः पडताळायचे असतील तर एक्सेलमध्ये ही दोन सूत्रं टाका:

```
=FV((1+12%)^(1/12)-1,240,-10000,0,1)
=FV((1+12%)^(1/12)*EXP(-1%/12)-1,240,-10000,0,1)
```

आता हे कळत का नाही, ते. फंडाचा खर्च तुमच्या बँक खात्यातून जात नाही, त्याची पावती येत नाही, स्टेटमेंटमध्ये ‘शुल्क’ अशी ओळही नसते. वार्षिक टक्केवारीला 365 ने भागून तेवढा हिस्सा रोज फंडाच्या मालमत्तेतून वजा होतो आणि उरलेल्यावर त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, ठरते. समजा एनएव्ही 250 रुपये आहे. 1.7 टक्क्याने एका युनिटमागे दिवसाला 1.16 पैसे जातात, 0.7 टक्क्याने 0.48 पैसे. दोन्हींत पाऊण पैशाचाही फरक नाही. त्याच दिवशी बाजार अर्ध्या-पाऊण टक्क्याने हलला तर एनएव्ही सव्वा ते पावणेदोन रुपये वरखाली होते. एवढ्या हालचालीत पाऊण पैसा कोणाला दिसणार? आठ वर्षांत तुमचे साधारण पंधरा लाख झाले असतील. त्यावर हा जादा एक टक्का आज रोज 41 रुपयांच्या आसपास जातोय, रविवारीसुद्धा.

इथे एक गोंधळ हमखास होतो, तो आत्ताच मोडून टाकू. फॅक्टशीटमध्ये किंवा ॲपवर जो परतावा दिसतो तो खर्च वजा जाऊनच असतो. ‘फंडाने 12 टक्के दिले, त्यातून 1.7 गेले, म्हणजे मला 10.3’ असा हिशेब करू नका. रेग्युलर प्लॅनचा परतावा 12 दिसत असेल तर तुम्हाला 12 च मिळालेत. प्रश्न एवढाच, की त्याच काळात डायरेक्टवाल्याला जवळपास 13 मिळालेत.

फरक वाढतो कसा, ते बघण्यासारखं आहे. वर धरलेल्या आकड्यांनी पाच वर्षांनंतर दोन्ही प्लॅनमधलं अंतर असतं जेमतेम 22 हजार. आठ लाखांच्या रकमेत 22 हजार म्हणजे बाजाराच्या दोन-चार वाईट दिवसांइतकं, कोणी मनावर घेत नाही. दहा वर्षांनी 1.29 लाख, पंधरा वर्षांनी 4.31 लाख आणि वीस वर्षांनी 11.53 लाख. म्हणजे एकूण फरकातले सात लाखांहून अधिक शेवटच्या पाच वर्षांत येतात. ‘इतकी वर्षं काही जाणवलं नाही’ हे लोकांचं म्हणणं म्हणूनच खरं असतं.

कारण साधं आहे. टक्का हप्त्यावर नाही, साठलेल्या सगळ्या रकमेवर लागतो. पहिल्या वर्षी सरासरी साठ-सत्तर हजारांवर एक टक्का म्हणजे सहा-सातशे रुपये. विसाव्या वर्षी सरासरी 76 लाखांवर एक टक्का म्हणजे 76 हजार. त्या वर्षी तुम्ही भरणार 1 लाख 20 हजार. म्हणजे दर महिन्याच्या दहा हजारांतले सहा हजारांहून अधिक फक्त या जादा टक्क्याची भरपाई करण्यात जातात. काम मात्र पहिल्या वर्षी जे होतं तेच.

या साडेअकरा लाखांचे दोन भाग पडतात. वीस वर्षांत जादा खर्च म्हणून प्रत्यक्ष कापले गेलेले पैसे साधारण साडेपाच लाख. उरलेले सहा लाख कोणीच घेतलेले नाहीत. कापलेले पैसे फंडात राहिले असते तर त्यांच्यावर जी वाढ झाली असती ती ही रक्कम. एजंटने किंवा फंड कंपनीने तुमचे साडेअकरा लाख खाल्ले असं म्हणणं म्हणून बरोबर नाही. पण तुमच्या हातात मात्र तेवढेच कमी येतात.

‘12 टक्के मिळतीलच कशावरून?’ असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. मी फक्त उदाहरणासाठी तो आकडा धरलाय. आठ टक्के धरा. डायरेक्टमध्ये 57.27 लाख होतात, एक टक्का जास्त गेला तर 50.61 लाख. रुपयांतला फरक कमी झाला, पण प्रमाण? साडेबारा टक्क्यांऐवजी साडेअकरा, म्हणजे जवळपास तेच. एकरकमी गुंतवणुकीत तर हे आणखी स्पष्ट दिसतं. एक टक्का वीस वर्षं रोज कापला गेला की शेवटच्या रकमेतले 18 टक्के जातात, बाजाराने 8 दिलेले असोत की 15. तुमच्या पहिल्या दहा हजारांच्या हप्त्याला हेच लागू आहे. 12 टक्क्यांनी त्याचे 96 हजार झाले असते, ते 79 हजार होतात. शेवटच्या हप्त्याचं जवळजवळ काहीच जात नाही, आणि सगळ्या हप्त्यांचं मिळून आठव्या हिश्शावर येतं. परतावा किती मिळेल हे मी सांगू शकत नाही. खर्चाचा परिणाम मात्र बऱ्यापैकी आधीच सांगता येतो.

महागाईची बाजूही सांगायला हवी. वीस वर्षांनंतरचे साडेअकरा लाख म्हणजे आजचे साडेअकरा लाख नव्हेत. सहा टक्के महागाई धरली तर आजच्या किमतीत ते 3.6 लाख होतात. लहान नाही, पण ‘आयुष्यभराची कमाई बुडाली’ छापाचे जे मेसेज फिरतात तेवढंही नाही.

तुमच्या स्वतःच्या फंडात किती फरक पडला ते माझ्या गृहीतकांवर सोडू नका, पाच मिनिटांत काढता येतं. सेबीच्या आदेशानुसार 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक योजनेला डायरेक्ट प्लॅन द्यावा लागला. तेव्हापासून चालू असलेल्या बहुतेक योजनांमध्ये दोन्ही प्लॅनची एनएव्ही त्या वेळी एकाच ठिकाणाहून सुटली. आज दोन्हींमध्ये जेवढं अंतर दिसतं ते निव्वळ खर्चाच्या फरकाचं, कारण आतले शेअर तेच आहेत. समजा आज डायरेक्ट-ग्रोथची एनएव्ही 412 आणि रेग्युलर-ग्रोथची 366 आहे. 13 वर्षांत रेग्युलरवाला 11 टक्क्यांनी मागे पडला. वर्षाला किती, ते असं:

```
=1-(366/412)^(1/13)
```

उत्तर येतं 0.91 टक्का. ग्रोथची तुलना ग्रोथशीच करा, लाभांशाच्या पर्यायाशी केली तर सगळंच चुकेल. योजना 2013 नंतर सुरू झाली असेल तर 13 च्या जागी तिचं वय घाला.

दुसरी जागा म्हणजे कॅस, म्हणजे सगळ्या फंडांचं एकत्रित स्टेटमेंट. मार्च आणि सप्टेंबरअखेरच्या सहामाही स्टेटमेंटमध्ये तुमच्या गुंतवणुकीवर वितरकाला त्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष किती रुपये कमिशन गेलं ते छापलेलं असतं, योजनेचा सरासरी खर्चही असतो. लोक शेवटच्या पानापर्यंत जातच नाहीत. टक्क्यांत न कळलेली गोष्ट रुपयांत वाचली की लगेच कळते. नाशिक-कोल्हापूरकडे अजूनही बरेच जण ‘आमचे एजंट काही घेत नाहीत, फुकट सेवा देतात’ असं मनापासून सांगतात. ऑगस्ट 2009 मध्ये एंट्री लोड बंद झाला, तेव्हापासून गुंतवणूक करताना सुरुवातीलाच पैसे कापले जात नाहीत हे खरं. पण ट्रेल कमिशन रोजच्या खर्चातून जातंच, आणि तुम्ही फंडात आहात तोवर जात राहतं.

आता तुमचा खरा प्रश्न, आठ वर्षांनंतर बदलायचं का. तीन वाटा आहेत, आणि त्यांच्यातला फरक बहुतेकांच्या अंदाजापेक्षा वेगळा निघतो.

पहिली, आहे तसंच चालू ठेवायचं. वीस वर्षांनी 80.45 लाख.

दुसरी, जुनं जिथे आहे तिथे ठेवायचं आणि फक्त पुढची एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करायची. बहुतेक लोक हेच करतात आणि काम झालं असं समजतात. पण यात शेवटी 82.62 लाख होतात, फायदा दोन लाखांच्या थोडा वर. कारण आधी साठलेले पंधरा लाख पुढची बारा वर्षं तो जादा टक्का भरतच राहतात, आणि वाढ सगळ्यात जास्त त्यांचीच होणार असते.

तिसरी, जुनंही डायरेक्टमध्ये हलवायचं. इथे कर आडवा येतो. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये स्विच करणं म्हणजे आयकराच्या दृष्टीने विकून नव्याने घेणं, फंड तोच असला तरी. तुमचे भरलेले 9.6 लाख, आजचे साधारण 14.99 लाख, नफा 5.39 लाख. सध्याच्या नियमांनुसार इक्विटी फंडावर वर्षभरानंतरचा नफा एका आर्थिक वर्षात 1.25 लाखांपर्यंत करमुक्त आणि वर 12.5 टक्के. सेससकट कर साधारण 54 हजार. तो या पंधरा लाखांतूनच भरला आणि उरलेले 14.45 लाख अधिक पुढचे हप्ते डायरेक्टमध्ये गेले, तर वीस वर्षांअखेर 87.11 लाख. पहिल्या वाटेपेक्षा साडेसहा लाखांहून अधिक.

कराचे 54 हजार बघून माणूस थबकतो. पण सुटणारा खर्च पहिल्याच वर्षी पंधरा हजार आहे आणि तो वाढत जातो, म्हणजे तीन-साडेतीन वर्षांत कर भरून निघतो. शिवाय हा कर कधीतरी भरायचाच होता, आज भरलात तर पुढच्या विक्रीच्या वेळी खरेदी किंमत तेवढी वर गेलेली असते. तुमच्या हातात बारा वर्षं आहेत, म्हणून मी तिसरी वाट घ्या म्हणतो. ज्याला दोन-तीन वर्षांत पैसे काढायचेत त्याला मी जुनं हलवू नका असंच सांगेन.

करताना काही गोष्टी सांभाळा. सगळं एका दिवशी हलवायची गरज नाही. निम्मं मार्चअखेरीस आणि निम्मं एप्रिलमध्ये केलंत तर 1.25 लाखांची सूट दोनदा मिळते, सोळा हजारांच्या आसपास वाचतात. शेवटच्या बारा महिन्यांत घेतलेली युनिट्स मागे ठेवा. त्यांच्या नफ्यावर 20 टक्के कर लागतो आणि बऱ्याच इक्विटी योजनांत वर्षाच्या आत काढल्यास एक टक्का एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडण्याचं शुल्कही असतं. युनिट्स आधी घेतलेली आधी विकली जातात, त्यामुळे आकडा देऊन स्विच टाकलं तर ही शेवटची युनिट्स आपोआप मागे राहतात. ‘ऑल युनिट्स’वर टिक करू नका, एवढंच. फंड टॅक्स सेव्हिंगचा असेल तर प्रत्येक हप्त्याची तीन वर्षांची मुदत वेगळी धरा.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: स्विच केलं म्हणजे एसआयपी बदलली असं नाही. जुनी एसआयपी वेगळी रद्द करावी लागते आणि डायरेक्टमध्ये नवी सुरू करावी लागते. नाहीतर युनिट्स डायरेक्टमध्ये आणि दर महिन्याचे दहा हजार रेग्युलरमध्ये, असं वर्षभर चाललेलं मी पाहिलंय. पुढच्या स्टेटमेंटमध्ये योजनेच्या नावापुढे Direct Plan लिहिलंय ना आणि ब्रोकरच्या जागी ARN ने सुरू होणारा नंबर नाही ना, हे दोन्ही बघा. ‘ॲपवरून घेतलं म्हणजे डायरेक्ट’ असंही समजू नका, रेग्युलर विकणारी ॲप्सही आहेत.

तुमच्या एजंटबद्दल. मी स्वतः फी घेऊन सल्ला देतो, त्यामुळे माझं म्हणणं थोडं तपासूनच घ्या. एजंट काही करतच नाहीत असं माझं मत नाही. मार्च 2020 मध्ये बाजार कोसळला तेव्हा एसआयपी बंद करायला निघालेल्या माणसाला ज्याने थांबवलं, त्याने त्या एका फोनमध्ये अनेक वर्षांचं कमिशन वसूल करून दिलं. घरातल्या वयस्कर माणसांची कागदपत्रं, नॉमिनी, मृत्यूनंतर युनिट्स नावावर करणं ही कामंही खरी आहेत. तुम्हाला ते मिळत असेल तर ठेवा. फक्त किंमत रुपयांत मोजा: यंदा पंधरा हजार, शेवटच्या वर्षी 76 हजार. तेवढ्याची सेवा मिळतेय का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. ‘फंड चांगला आहे ना’ हे मात्र उत्तर नव्हे, कारण डायरेक्टमध्येही फंड तोच असतो.

आणखी एक, कारण पुढचा प्रश्न बहुधा तोच असेल. डायरेक्टच्या 0.7 वरून 0.2 टक्क्याच्या इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातले शेअर तसेच घेणाऱ्या फंडात, जावं का? तिथे हिशेब असा सरळ लागत नाही. तिथे फंडच बदलतो, आतले शेअर बदलतात, आणि अर्ध्या टक्क्याची बचत फंड मॅनेजरच्या कामगिरीच्या फरकात कुठेही वाहून जाऊ शकते, दोन्ही दिशांना. रेग्युलर-डायरेक्टचा हिशेब पक्का आहे तो दोन्हीकडे माल एकच असल्यामुळे. इक्विटीपेक्षा मी आधी डेट फंड, म्हणजे कर्जरोख्यांत गुंतवणारे फंड, तपासेन. तिथे खर्चाआधी सात टक्के मिळत असतील आणि एक टक्का खर्चात जात असेल, तर कमाईचा सातवा हिस्सा तिथेच गेला. तुमचे आपत्कालीन निधीचे पैसे एखाद्या रेग्युलर डेट फंडात पडून असतील तर त्याचा खर्चही याच बैठकीत बघून टाका.